जवान ‘क’ने गोळी का झाडली नाही

उधना, सुरत
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय प्रमोद,

जयभीम. तुझं पत्र यायला महिना लागतो आणि तू ते अर्ध्या पानात आटोपतोस. सरकार शाईसुद्धा मोजून देतं की काय? लिहायला काही नसेल तर जेवलास काय तेवढं तरी लिहीत जा. मी उत्तरादाखल इथल्या जेवणाचं लिहिणार नाही. तुझी आई गेल्यापासून ते लिहिण्यासारखं उरलेलं नाही. खिचडी, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली खिचडी.

विहारातला रविवारचा अभ्यासवर्ग मात्र जोरात आहे. ज्याच्या मागाच्या खात्याला सुट्टी तो येतो. शालिग्राम रात्रपाळीचे माग चालवून तसाच येतो, डोळ्यांत झोप घेऊन, आणि सगळ्यांत जास्त भांडतो. प्रज्ञा येते, ती नर्सिंग शिकते. तिला उत्तर पटलं नाही की ती सरळ गुजरातीत वाद घालायला लागते. पंचवीस वर्षं शाळेत शिकवून मला जे जमलं नाही, ते आता निवृत्तीनंतर जमतंय. मुलं स्वतःहून विचार करतात.

यंदाचा विषय आहे युद्ध, शांती आणि बळाचा वापर. धर्म त्याबद्दल काय म्हणतात? व्याख्यान दिलं की माना डोलतात आणि घरी जातात. म्हणून मी प्रसंगप्रश्न घेतो. दहाबारा ओळींचा प्रसंग. नावं नाहीत, गाव नाही, जात नाही. नाव कळलं की माणसं विचार सोडून बाजू घेतात. मग प्रत्येकाने एकेका धर्माच्या बाजूने बोलायचं. बौद्धाने चेतना तपासायची, म्हणजे मनात काय धरून कृती केली ते. क्षात्रधर्मवाल्याने समोरचा शस्त्रधारी होता की निःशस्त्र, लढणारा होता की पळणारा, ते पाहायचं. जैनाने विचारायचं, ही ठरवून केलेली हिंसा की अंगावर आलेल्याला अडवताना झालेली? मुसलमानाच्या बाजूने बोलणाऱ्याने बायका, मुलं, म्हातारे यांना धक्का लागला का ते बघायचं, आणि समोरच्याने तहाचा हात पुढे केला होता का तेही. ख्रिस्ती परंपरेत तर कसोट्यांची ओळच आहे. बळ वापरायचा अधिकार कुणाचा, कारण न्याय्य का, हेतू शुद्ध का, दुसरे उपाय संपले होते का, हानी प्रमाणात का. शेवटी मी गुण देतो. मास्तराची सवय.

अडचण अशी की माझे प्रसंग पुचाट असतात. राजा, शत्रू, विषारी तलाव. शालिग्राम म्हणतो, ‘‘सर, असा राजा उधन्यात कुठे भेटतो?’’ तू परदेशात शांतिसेनेत आहेस. निळी टोपी घालून बंदूक धरतोस. एखादा खरा प्रसंग पाठव ना.

तू पलटणीत गेलास तेव्हा मी तीन दिवस बोललो नव्हतो, ते मनात ठेवू नकोस. डिसेंबरात परत आलास की दोन महिन्यांची सुट्टी मिळेल म्हणालास. मी पलंगाची दोरी आत्ताच बदलून घेतली आहे. चेतनला आशीर्वाद. एका गल्लीतून दोघं गेलात, एकाच पलटणीत पडलात, हे किती बरं झालं. त्याची आई मालतीबाई डिंडोलीला नव्या घरात राहायला गेल्या तरी दर आठवड्याला येऊन विचारतात, ‘‘मास्तर, प्रमोदना पत्रमा मना चेतननं काही लिखेल शे का?’’

तुझा,
बाबा

•

मार्फत ५६ ए.पी.ओ.
११ मार्च १९९४

ती. बाबा,

जयभीम. आज पूर्ण पान लिहितो, शाई शिल्लक आहे. जेवण डबाबंद आहे. चेतन डब्यातल्या वाटाण्याला शेवभाजी म्हणून हाक मारतो आणि डोळे मिटून खातो.

मी ठीक आहे. इथे धूळ फार. गाड्या पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे लांबून कळावं की आम्ही कुणाच्या बाजूचे नाही. आमचं काम धान्याच्या गाड्यांबरोबर जाणं आणि वाटप होईपर्यंत उभं राहणं. भूक लागलेली माणसं रांगेत आणि बंदूक घेतलेली माणसं झाडाखाली. दोघांच्यामध्ये आम्ही.

तुमच्या कसोट्या वाचल्या. आमच्याही खिशात एक कार्ड असतं. आधी ओरडून थांबवायचं, त्यांच्या भाषेत. ‘‘जोग्सो!’’ म्हणजे थांब. मग हवेत गोळी. मग नेमकी, जेवढी लागेल तेवढीच. आपल्या किंवा ज्यांचं रक्षण करतोय त्यांच्या जिवावर आलं, तर पायऱ्या गाळून थेट. तुमच्या शेवटचा उपाय आणि प्रमाणात हानी या दोन कसोट्या त्या कार्डावर आहेतच. फरक एवढाच की तुमच्या वर्गाला रविवारची सकाळ मिळते.

चेतन म्हणतो, वर्गात त्याच्या नावाने दोन गुण आधीच लावून ठेवा.

प्रमोद

•

उधना
२४ एप्रिल १९९४

प्रिय प्रमोद,

पूर्ण पान! मी ते वर्गात वाचून दाखवलं. वाटाण्याचा मजकूर मालतीबाईंना दोनदा वाचून दाखवावा लागला, दुसऱ्यांदा त्या रडल्या.

‘रविवारची सकाळ’ हे वाक्य लागलं मला. पण शांतपणे विचार करून ठेवला तरच ऐनवेळी हात योग्य ते करतो, असं माझं म्हणणं आहे. लहानपणी तुला पंचशील रोज म्हणायला लावायचो ते त्याकरताच. प्राणिहत्येपासून दूर राहण्याचा संकल्प. आज्ञा नव्हे, संकल्प. आणि बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, तो तर तुला आठवतच असेल. वर्गात भिकन म्हणाला, ‘‘सर, पण गरज होती हे ठरवणार कोण? मारणाराच ना?’’ तो प्रश्न मी वहीत टिपून ठेवलाय.

प्रसंग पाठव. वाट पाहतो. प्रसंगाची आणि तुझीही. संध्याकाळ झाली की या घरात फार शांत असतं रे.

बाबा

•

मार्फत ५६ ए.पी.ओ.
४ जून १९९४

बाबा,

तुम्हाला प्रसंग हवा होता. हा घ्या.

धान्यवाटप चालू आहे. रांगेत बायका, कडेवर पोरं. जवान ‘क’ आणि जवान ‘ख’ पाहऱ्यावर, मध्ये वीसेक पावलांचं अंतर. एक बंदूकवाला रांगेच्या आतून पुढे येतो. एका बाईच्या मागे आडोसा घेऊन तो ‘ख’वर नेम धरतो. ‘क’ दोनदा ओरडतो. हवेत गोळी झाडायला वेळ नाही. ‘क’ला त्याचं डोकं आणि खांदा दिसतो आहे. बाईचं डोकं त्याच्यापासून हातभर. ‘क’ चांगला नेमबाज आहे. ‘क’ गोळी झाडत नाही. बंदूकवाला झाडतो, ‘ख’ पडतो, बंदूकवाला गर्दीतून पळून जातो. बाईला काही होत नाही. ‘ख’ वाचतो, पण पूर्वीसारखा राहत नाही. ‘क’ बायकांकडे पाहून थांबला, की लहानपणचं काही आठवून थांबला, की नुसताच थांबला, हे त्याचं त्यालाच माहीत नाही.

प्रश्न : ‘क’ने केलं ते काय होतं?

वर्गाला द्या. उत्तर लवकर कळवा.

प्रमोद

•

उधना
१७ जुलै १९९४

प्रिय प्रमोद,

शाब्बास! असा प्रसंग मला जन्मात सुचला नसता. वर्ग आज दीड वाजेपर्यंत चालला, कुणी जेवायला उठेना.

क्षात्रधर्माच्या बाजूने भिकन बोलला. समोरचा शस्त्रधारी होता, लढत होता, पळत नव्हता, त्याला मारायला हरकत नव्हती. साथीदाराचं रक्षण हे तर कर्तव्यच, ‘क’ चुकला. मग शालिग्रामने इस्लामची बाजू घेतली : बाई लढणारी नाही, तिला मरणाच्या तोंडी देऊन शत्रू मारणं हे सहजासहजी चालत नाही, ‘क’ने मर्यादा पाळली. जैन बाजूने मी स्वतः बोललो. अंगावर आलेल्याला रोखण्याची हिंसा गृहस्थाला क्षम्य मानली आहे, पण क्षम्य म्हणजे बंधनकारक नाही. ती केली नाही म्हणून दोष लागत नाही. ख्रिस्ती कसोट्या प्रज्ञाने लावल्या. अधिकार होता, कारण न्याय्य, दुसरा उपाय संपला होता. अडलं ते निरपराधांपाशी. बाईला गोळी लागली असती तर ती मुद्दाम नसती, पण तशी शक्यता उघड दिसत होती, आणि एका जिवासाठी दुसरा पणाला लावायचा तर प्रमाण काय धरायचं? तिने फळ्यावर एका बाजूला ‘बाई’ आणि एका बाजूला ‘ख’ लिहिलं आणि मधली जागा तशीच सोडली.

शेवटी बौद्ध बाजू. मारणं पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात : समोर जीव असणं, तो जीव आहे हे ठाऊक असणं, मारायची इच्छा, तसा प्रयत्न, आणि मृत्यू. ‘क’च्या ठिकाणी इच्छा नाही, प्रयत्न नाही. हात स्वच्छ! मी ‘क’ला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला तो ‘ख’साठी.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या प्रसंगातलं शेवटचं वाक्य मी गाळलं. ‘त्याचं त्यालाच माहीत नाही’ हे. हेतूच माहीत नसेल तर चेतनेची कसोटी लागणार कशी? सगळा प्रश्न लंगडा पडतो. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, ‘बाईचा जीव वाचावा म्हणून क थांबला.’ त्याने प्रश्न नीट बसला. प्रज्ञाने मात्र विचारलं, ‘‘सर, मूळमां आटलूंज हतूं?’’ एवढंच होतं का म्हणून. मी म्हटलं, प्रश्न काढणाऱ्याचा तो अधिकार आहे.

मन भरून आलं हे खरं. तू असा विचार करतोस म्हणजे लहानपणी शिकवलेलं वाया गेलं नाही.

आता वाईट बातमी. चेतनच्या गाडीला अपघात झाला आणि त्याला पुण्याच्या लष्करी इस्पितळात आणलंय. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला म्हणे. त्याने आईला स्वतःच्या हाताने लिहिलं. मालतीबाई पुण्याला गेल्यात. तू कळवलं कसं नाहीस? की तुला दुसरीकडे पाठवलं होतं?

बाबा

•

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२० ऑगस्ट १९९४

बाबा,

वर्गाचे आभार. नऊ गुण मिळाले.

तुम्ही गाळलेलं वाक्य हाच प्रश्न होता. बाकी सगळं नुसतं सांगणं होतं.

डिसेंबरात पलटण परतेल तेव्हा मी सुट्टी घेणार नाही. छावणीत राहीन. उधन्याला यायचं म्हणजे डिंडोलीही आलीच. मला ते जमायचं नाही. तुम्ही वाट पाहू नका.

प्रमोद

•

उधना
२ ऑक्टोबर १९९४

माझ्या प्रमोद,

तुझं पत्र मला पंधरा दिवसांपूर्वी मिळालं. मी रागावलो. म्हातारा बाप सणासुदीला एकटा बसलाय आणि मुलगा सुट्टी नाकारतो, एवढंच मला त्यात दिसलं. मी ते पत्र उशीखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

मग प्लेग आला. तू रेडिओवर ऐकलं असशील. दोन दिवसांत उधना ओस पडलं. माणसं मिळेल त्या गाडीने धुळ्या-जळगावला पळाली, माग बंद झाले. मागांचा खडखडाट थांबला की आपल्या गल्लीत स्वतःचा श्वास ऐकू येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. गोळ्या घेतल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि मी राहिलो. जाणार तरी कुणाकडे?

आज रविवार. सवयीने विहारात गेलो, कुलूप काढलं, सतरंजी टाकली. कुणी आलं नाही. फळ्याच्या दोन टोकांना प्रज्ञाच्या अक्षरातले ते दोन शब्द अजून पुसायचे राहिले होते, ‘बाई’ आणि ‘ख’. रिकाम्या वर्गात एकटाच तुझा प्रसंग पुन्हा वाचायला बसलो. या वेळी काही न गाळता. प्रमोद, मी पंचवीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या आणि मला माझ्या मुलाचं अक्षर वाचता आलं नाही. प्रसंगात नाव नसावं हा माझाच नियम. त्या नियमाच्या आड तू उभा होतास, आणि मी तुला गुण देत होतो. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

तिथून उठून मी डिंडोलीला चालत गेलो. रिक्षा नव्हत्याच. मालतीबाई आणि चेतन पुण्याहून परतलेत, घरीच आहेत. एका पायाचं पोर घेऊन गर्दीच्या गाडीत चढणार कशा त्या? चेतन ओट्यावर कुबड्या बाजूला ठेवून बसला होता. मला बघून हसला. मी त्याला विचारलं, अपघात झाला म्हणतात, तो कसला? त्याने आईला पाणी आणायला आत पाठवलं आणि मला हळूच म्हणाला, ‘‘तुमले प्रमोदनी सांगं नही का?’’

मी नकारार्थी मान हलवली. मग मी त्याला तुझा प्रसंग सांगितला, जसाच्या तसा. तो खाली बघत ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, ‘‘मास्तर, एक गोष्ट प्रमोदले बी माहीत नही. मना हातमा बी बंदूक तयार व्हती. मीन त्या माणूसले त्याना पहिले देखं. मीन बी चालाई नही.’’

 मी विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, ‘‘काय माहीत! मना पाय ग्या म्हनीसन मी वीर, आनि त्याना पाय शाबूत शे म्हनीसन तो भ्याड? हाऊ कसा न्याय?’’

त्याच्या आवाजात राग होता. तुझ्यावर होता, माझ्यावर होता की त्या पायावर होता, मला कळलं नाही. तुला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी ते त्याच्या तोंडून काढूनही घेणार नाही. निघताना एवढंच म्हणाला, ‘‘त्याले सांगा, कागद नको धाडू. तूच ये.’’

आता माझं. तुझे नऊ गुण मी परत घेतो. शून्यही देत नाही. चेतनेची कसोटी मी वर्षानुवर्षं सोनाराच्या काट्यासारखी वापरली, पण मनातला हेतू बाहेरच्याला दिसत नाही आणि कधी कधी आतल्यालाही दिसत नाही, हे मला या वयात तू शिकवलंस. तू गोळी झाडली नाहीस याचा मला इतका आनंद झाला होता, की ती माझ्या शिकवणीची परीक्षा आणि तू पास, असं मी धरून चाललो. ‘ख’चं काय झालं हे मी एका गुणात आटोपलं. त्याची लाज वाटते.

मला तू हवा आहेस. बरोबर असलास तरी हवा आणि चुकला असलास तरी. घरी ये.

बाबा

•

मार्फत ५६ ए.पी.ओ.
६ नोव्हेंबर १९९४

बाबा,

तुमचं पत्र उशिरा मिळालं. मधले दिवस सुरतेच्या बातम्या ऐकत काढले. तुम्ही एकटे त्या गल्लीत राहिलात, मला न कळवता. हट्टी माणूस.

चेतनने सांगितलेलं वाचून मी तंबूच्या मागे जाऊन बसलो.  त्याच्या हातातही बंदूक तयार होती हे मला माहीत नव्हतं असं तो म्हणतो. मला माहीत होतं, बाबा.

मी तुम्हाला लिहिलं होतं की ‘क’ला कारण माहीत नाही. तेही खरं नव्हतं. आता खरं लिहितो, कारण तुम्ही गुण परत घेतलेत. मी त्या बाईकडे नंतर पाहिलं. पंचशील तर तेव्हा आठवलंच नाही. बंदूकवाला दिसला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की चेतन मारेल. त्याच्यावर नेम आहे, तोच मारेल. म्हणजे ते काम व्हावं असं मला वाटत होतं. फक्त ते माझ्या हातून नको होतं. माझे हात स्वच्छ राहावेत, आणि ते चेतनने राखावेत. तुमच्या पाच गोष्टींत ही कुठे बसते? मला वाटतं कुठेच बसत नाही, म्हणून इतके महिने ती माझ्याजवळच राहिली.

कदाचित तोही असाच थांबला असेल, मी मारेन म्हणून. कदाचित नसेल. मला त्याला विचारायचं आहे. तुम्ही त्याला यातलं काही सांगू नका. वर्गालाही नको, नाव काढूनसुद्धा नको.

सुट्टीचा अर्ज दिला. डिसेंबरच्या शेवटी सुटेन. स्टेशनवर येऊ नका. सामान घेऊन मी सरळ डिंडोलीला जाईन, त्याच्यासमोर बसेन, आणि तो काय म्हणेल ते ऐकून घेईन. मग घरी येईन. किती वेळ लागेल सांगता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी जेवायचे थांबा.

प्रमोद